क्लासिक ३५० की स्पीड ४००? सीसीच्या आधी बोअर आणि स्ट्रोक बघा

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि ट्रायम्फची स्पीड ४०० या दोन गाड्या हल्ली एकाच गिऱ्हाइकाच्या यादीत असतात. दोन्ही एका सिलिंडरच्या, दोन्ही जुन्या वळणाच्या, दोघींची टाकीही १३ लिटरची. पहिलीचं इंजिन ३४९ सीसीचं, दुसरीचं ३९८. म्हणजे फरक ४९ सीसीचा, साधारण १४ टक्के. पण ताकदीचा आकडा बघितला की माणूस चक्रावतो. एकीकडे २०.२ बीएचपी, दुसरीकडे ३९.५. चौदा टक्के मोठं इंजिन जवळजवळ दुप्पट ताकद देतं?

"एनफिल्डवाल्यांचं तंत्र जुनं आहे" असं उत्तर चहाच्या टपरीवर हमखास मिळतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. खरं उत्तर माहितीपत्रकातल्या अशा एका ओळीत आहे जी सहसा कोणी वाचत नाही: बोअर आणि स्ट्रोक. क्लासिकचे ७२ आणि ८५.८ मिलिमीटर, स्पीडचे ८९ आणि ६४. ही ओळ वाचता आली, तर कुठली गाडी आपली हे चाचणी फेरीआधीच बऱ्यापैकी कळतं.

इथले आकडे क्लासिकच्या सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या इंजिनाचे आणि स्पीड ४०० च्या २०२३ साली आलेल्या इंजिनाचे आहेत.

| | क्लासिक ३५० | स्पीड ४०० |
|---|---|---|
| बोअर × स्ट्रोक (मिमी) | ७२ × ८५.८ | ८९ × ६४ |
| क्षमता | ३४९ सीसी | ३९८ सीसी |
| कमाल ताकद | २०.२ बीएचपी, ६१०० आरपीएमला | ३९.५ बीएचपी, ८००० आरपीएमला |
| कमाल टॉर्क | २७ न्यूटन-मीटर, ४००० आरपीएमला | ३७.५ न्यूटन-मीटर, ६५०० आरपीएमला |
| व्हॉल्व्ह, कूलिंग | दोन, हवा आणि ऑइल | चार, पाणी (कूलंट) |
| गिअर | ५ | ६ |

सीसी नेमकं कशाचं माप

दवाखान्यातली पाच सीसीची सिरिंज आठवा. दांडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला की आत जेवढी जागा तयार होते, ते पाच सीसी. इंजिनाचंही तेच. पिस्टन सगळ्यात वरच्या टोकापासून सगळ्यात खालच्या टोकापर्यंत जाताना जेवढी जागा मोकळी करतो, तिला इंजिनाची क्षमता म्हणतात. सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर, आणि पिस्टन वरून खाली जेवढं अंतर जातो तो स्ट्रोक. सिरिंज जाड आणि आखूड असो की बारीक आणि लांब, दोन्हींत पाच सीसी मावू शकतात. सीसीचा एकटा आकडा ती जाड आहे की लांब हे सांगत नाही.

हिशोब शाळेतल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा आहे. बोअर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, ०.७८५४ ने गुणा. हे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ. त्याला स्ट्रोकने गुणलं की सीसी. क्लासिकसाठी ७.२ चा वर्ग ५१.८४, त्यावरून क्षेत्रफळ ४०.७ चौरस सेंटिमीटर, गुणिले ८.५८, म्हणजे ३४९. स्पीडसाठी ८.९ चा वर्ग ७९.२१, क्षेत्रफळ ६२.२ चौरस सेंटिमीटर, गुणिले ६.४, म्हणजे ३९८. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर शेवटी त्यांच्या संख्येने गुणायचं. ४०.७ आणि ६२.२ हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

एक गैरसमज इथेच मिटवून टाकू. ३४९ सीसी हे पेट्रोलचं माप नाही. ती जागा जवळजवळ पूर्ण हवेची असते. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना ३४९ सीसी हवेबरोबर जाणारं पेट्रोल साधारण ०.०४ सीसी, म्हणजे एक थेंबही नाही. आणि ही खेप पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच आत घेतली जाते, कारण उरलेल्या वेळात दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं चालू असतं. तेव्हा सीसी म्हणजे एका खेपेला जास्तीत जास्त किती हवा आत येऊ शकते याचं माप. खेप पूर्ण भरते की अर्धवट, आणि मिनिटाला अशा किती खेपा होतात, हे दोन प्रश्न सीसीच्या बाहेर राहतात. बोअर आणि स्ट्रोक या दोन प्रश्नांसाठी लागतात.

स्ट्रोक: फेऱ्यांवरची लगाम

क्लासिकची कमाल ताकद ६१०० आरपीएमला, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला ६१०० फेऱ्यांना मिळते, स्पीडची ८००० ला. हा फरक कुठून आला?

प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा खाली जातो, एकदा वर येतो. म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर. क्लासिकचा पिस्टन एका फेरीत १७.१६ सेंटिमीटर धावतो. ६१०० आरपीएमला सेकंदाला सुमारे १०२ फेऱ्या होतात, तेव्हा त्याचा सरासरी वेग सेकंदाला १७.४ मीटर. स्पीडचा पिस्टन फेरीला १२.८ सेंटिमीटरच धावतो. पण ८००० आरपीएमला फेऱ्या सेकंदाला १३३ होतात आणि वेग येतो १७.१ मीटर.

दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत. ज्याला आपण 'आरामात फिरणारं' इंजिन म्हणतो आणि ज्याला 'ओरडणारं' म्हणतो, त्या दोघांचे पिस्टन कमाल ताकदीच्या वेळी ताशी साठ-बासष्ट किलोमीटरच्या सरासरी वेगाने धावत असतात. हा योगायोग वाटत असेल तर आणखी दोन इंजिनं तपासा. होंडा हायनेस सीबी ३५० चा स्ट्रोक ९०.५ मिमी आणि कमाल ताकद ५५०० आरपीएमला. वेग येतो १६.६ मीटर. केटीएमच्या जुन्या ३७३ सीसीच्या ३९० ड्यूकचा स्ट्रोक ६० मिमी आणि ताकद ९००० आरपीएमला. वेग बरोबर १८. चार वेगळ्या स्वभावाच्या गाड्या, चौघींचे पिस्टन सोळा ते अठराच्या पट्ट्यात.

कारण सरळ आहे. पिस्टन गोल फिरत नाही. वर पोचला की थांबतो, उलट फिरतो, खाली पोचला की पुन्हा थांबतो. ६१०० आरपीएमला हे मिनिटाला १२,२०० वेळा घडतं. प्रत्येक वेळी त्याला थांबवून परत खेचण्याचा ताण पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर आणि तिच्या बेअरिंगवर येतो. स्ट्रोक लांब असेल तर तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापायचं म्हणून हा ताण आणखी वाढतो. पिस्टनवरच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासतात त्याची झीजही पिस्टनच्या वेगाबरोबर वाढते. रोज वापरायच्या, हजारो किलोमीटर चालायच्या गाडीत बनवणारे या वेगाला एका मर्यादेत ठेवतात. क्लासिकला ८००० आरपीएमला फिरवायचं म्हटलं तर तिचा पिस्टन सेकंदाला २३ मीटरजवळ जाईल, आणि ते इंजिन त्यासाठी बनवलेलं नाही.

तेव्हा स्ट्रोक वाचायचा तो फेऱ्यांची मर्यादा म्हणून. लांब स्ट्रोक, कमी फेऱ्या. रॉयल एनफिल्डनेही हेच वापरलं आहे. जुन्या ३४६ सीसी इंजिनाचे आकडे ७० × ९० होते आणि ते ५२५० आरपीएमला कमाल ताकद द्यायचं. २०२१ च्या नव्या इंजिनात बोअर २ मिमीने वाढवला, स्ट्रोक ४.२ मिमीने कमी केला. सीसी फक्त तीनने बदलले, पण कमाल ताकद ६१०० वर सरकली. त्याच्या जोडीला आत थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्टही आला. नवी क्लासिक जुनीपेक्षा मोकळी पळते आणि हात कमी बधिर करते, असं दोन्ही चालवलेले लोक सांगतात, त्याची मुळं इथे आहेत.

बोअर: ताकद इथे मोजा

आता ते दोन आकडे, ४०.७ आणि ६२.२. स्पीडच्या पिस्टनचं क्षेत्रफळ क्लासिकपेक्षा ५३ टक्के जास्त आहे. सीसीतला फरक १४ टक्के होता, हा ५३.

पिस्टनचा वेग दोघांत सारखा आहे हे आपण पाहिलं. वेग सारखा असेल, तर कोण जास्त काम करतो? ज्याच्या डोक्यावर जास्त जागेत दाब पडतो तो. म्हणून एकदा पिस्टनचा वेग मर्यादेला टेकला, की कमाल ताकद सीसीवर नाही, पिस्टनच्या क्षेत्रफळावर अवलंबून राहते. म्हणजे बोअरच्या वर्गावर. फक्त एवढ्याने क्लासिकची २०.२ बीएचपी ३१ च्या आसपास जाते.

उरलेली ३१ ते ३९.५ ही मजल प्रत्येक खेपेला दाब किती तयार होतो त्यावर आहे. इथेही बोअरचा हात आहे. सिलिंडरच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह बसवायला जागा बोअरएवढीच. ७२ मिमीच्या गोलात क्लासिकला दोन व्हॉल्व्ह आहेत, ८९ च्या गोलात स्पीडला चार. जास्त फेऱ्यांना हवा आत यायला मिळणारा वेळ कमी होतो, तेव्हा दार मोठं असलेलं इंजिन पोटभर हवा घेतं, आणि लहान दाराचं इंजिन अर्धपोटी राहायला लागतं. त्यात स्पीडचं कॉम्प्रेशन १२ ला १ आहे आणि क्लासिकचं ९.५ ला १. जास्त दाबलेलं मिश्रण जळताना जास्त जोर देतं. कमाल ताकदीच्या ठिकाणी दोन्ही इंजिनांचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, काढून दर सीसीमागे बघितला, तर स्पीड सुमारे ३१ टक्के पुढे आहे. ५३ टक्के क्षेत्रफळाचे आणि हे ३१ टक्के एकमेकांवर चढले, पिस्टनच्या वेगातला दोन टक्क्यांचा फरक वजा केला, की १.९५ पट येतात. २०.२ गुणिले १.९५ म्हणजे ३९.५. एनफिल्डचं तंत्र जुनं असण्याचा जो भाग, तो या दुसऱ्या तुकड्यात आहे. पहिला तुकडा आकाराचा आहे, आणि तो आकार त्यांनी मुद्दाम निवडलेला आहे.

बोअरवरून ताकद मोजायची ही रीत नवी नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात ब्रिटनमध्ये मोटारींवरचा कर ज्या हॉर्सपॉवरवर लागायचा, ती फक्त बोअर आणि सिलिंडरच्या संख्येवरून काढत. स्ट्रोक हिशोबातच नव्हता, कारण सगळ्या पिस्टनचा वेग मिनिटाला हजार फूट धरलेला होता. मग व्हायचं तेच झालं. कारखानदारांनी कर चुकवायला बारीक बोअरची, लांबलचक स्ट्रोकची इंजिनं बनवली आणि कित्येक वर्षं ब्रिटिश मोटारी त्याच साच्यात अडकल्या.

मोठ्या बोअरची किंमत

एवढं सगळं असेल तर प्रत्येक इंजिन जाड आणि आखूड का नसतं? कारण ठिणगी पडल्यावर मिश्रण एकदम पेटत नाही, ज्वाळा प्लगपासून कडेपर्यंत पसरत जाते. बोअर मोठा की तिला लांब जायचं. शिवाय जळण्याची जागा चपटी होते. स्पीडमध्ये पिस्टन वर असताना उरलेली जागा सुमारे ३६ सीसी, ती ६२ चौरस सेंटिमीटरवर पसरलेली, म्हणजे सरासरी उंची सहा मिलिमीटरहूनही कमी. क्लासिकमध्ये ४१ सीसी ४०.७ चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे उंची दहा मिलिमीटर. चपट्या जागेला भिंतीचा वाटा जास्त, आणि भिंतीत गेलेली उष्णता चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून लांब स्ट्रोकचं इंजिन, बाकी सगळं सारखं असेल तर, पेट्रोलला थोडं काटकसरी असतं आणि हवेवर थंड राहणं त्याला जमतं. स्पीडला रेडिएटर उगीच दिलेला नाही.

याचा पुरावा बहुतेक घरांच्या पार्किंगमध्ये उभा आहे. ॲक्टिव्हाच्या ५जी मॉडेलचे आकडे ५० × ५५.६ होते. २०२० च्या ६जी मध्ये ते ४७ × ६३.१ झाले. सीसी १०९ चे १०९ च राहिले. बारीक बोअर, लांब स्ट्रोक. स्कूटरला आठ हजार फेऱ्यांशी काही घेणंदेणं नसतं, तिला एव्हरेज हवं आणि नव्या बीएस ६ नियमांत बसायचं होतं.

'लांब स्ट्रोक म्हणजे जास्त टॉर्क' हे अर्धसत्य

हे वाक्य इतकं रुजलं आहे की त्यावर थांबायलाच हवं. युक्तिवाद असा असतो: स्ट्रोक लांब, म्हणजे क्रँकचा हात लांब, म्हणजे पिळण्याचा जोर जास्त. हात लांब होतो हे बरोबर. पण सीसी तेवढेच ठेवून हात लांब केला तर पिस्टन बारीक होतो, आणि त्याच्यावर पडणारा जोर त्याच प्रमाणात कमी होतो. एका हाताने मिळालं ते दुसऱ्या हाताने गेलं. टॉर्क ठरतो तो सीसी आणि खेपेतला दाब यांवर. आकडेच बघा: क्लासिक दर १०० सीसीला ७.७ न्यूटन-मीटर देते, आखूड स्ट्रोकची स्पीड ९.४.

मग लांब स्ट्रोकची गाडी खालून 'ओढते' असं का वाटतं? कारण कमाल टॉर्क कुठे मिळतो ते वेगळं आहे. क्लासिकचे २७ न्यूटन-मीटर ४००० आरपीएमला हजर असतात. त्या ठिकाणची ताकद काढली तर १५.२ बीएचपी येते, म्हणजे तिच्याकडे आहे त्याच्या तीन चतुर्थांश, तेही अजून दोन हजार फेरे बाकी असताना. व्हॉल्व्हची दारं लहान असल्यामुळे कमी फेऱ्यांनाही हवा जोरात आत शिरते आणि नीट मिसळते. बनवणाऱ्याला माहीत असतं की हे इंजिन वर फिरणार नाही, म्हणून तो कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं, वेळापत्रकही खालच्या फेऱ्यांसाठी लावतो. त्यात जड फ्लायव्हील, जे एकेक ठोका झाल्यावर पुढच्या ठोक्यापर्यंत गाडी ओढून नेतं. सिग्नलला दुसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ थ्रॉटल न देता निघता येतं ते या सगळ्यामुळे. स्ट्रोक त्यातला एक घटक आहे आणि बाकीच्यांना तिथे बोलावणारा आहे. टॉर्कचा कारखाना तो नाही.

हायनेस आणि क्लासिक शेजारी ठेवल्या तर हे आणखी स्पष्ट होतं. सीसी जवळपास तेच, होंडाचा बोअर दोन मिमीने बारीक, पण टॉर्क ३० न्यूटन-मीटर आणि तोही ३००० ला. दर सीसीमागे साडेअकरा टक्के जास्त. फक्त स्ट्रोकमुळे हे घडणं शक्य नाही, तो होंडाच्या ट्यूनिंगचा भाग आहे. उलटंही खरं आहे. २०२३ च्या नव्या ३९० ड्यूकचे बोअर आणि स्ट्रोक स्पीडसारखेच, ८९ × ६४, आणि दोन्ही गाड्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. तरी ड्यूक ८५०० ला ४५ बीएचपीच्या पुढे जाते. बोअर आणि स्ट्रोक कुंपण घालतात. आत कुठे घर बांधायचं हे बाकीचे भाग ठरवतात.

रस्त्यावर काय फरक पडतो

पुण्याच्या कोथरूड-स्वारगेट वाहतुकीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोजचा दीड तास जात असेल, तर ६५०० आरपीएमचा टॉर्क फार क्वचित हाताला लागतो. तिथे क्लासिक कमी गिअर बदलायला लावते, वरच्या गिअरमध्ये हळू चालली तरी कुरकुरत नाही. तिचं १९५ किलोचं वजन मात्र तिथेच जाणवतं, हे विसरू नका. स्पीड त्याच गर्दीत थोडी अस्वस्थ असते. मोठ्या बोअरच्या, हलक्या फ्लायव्हीलच्या इंजिनाला वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर दाबून थ्रॉटल दिला तर चेन झटके मारते, आणि अगदीच छळलं तर हेडमधून बारीक टकटक ऐकू येते. ते नॉकिंग. एक गिअर खाली घेतला की थांबतं. चालवणाऱ्याला ती सवय करून घ्यावी लागते, आणि जुन्या बुलेटवरून आलेल्यांना ती लवकर लागत नाही.

चित्र पुणे-सातारा-कोल्हापूर हायवेवर उलटतं. ताशी १०० च्या वर सरळ चालायचं, मागे माणूस आणि सामान, पुढे खंबाटकीचा चढ आणि दोन ट्रक. क्लासिककडे ६१०० च्या पुढे देण्यासारखं काही उरत नाही. थ्रॉटल पिळाल, आवाज वाढेल, गाडी नाही. ओव्हरटेक करायला अंतर राखून, आधीपासून हिशोब करावा लागतो. स्पीडमध्ये याच वेळी अजून दोन-तीन हजार फेरे शिल्लक असतात आणि ताकद त्याच पट्ट्यात आहे. क्लासिकवर तासन्‌तास ११० ने जाणारे लोक आहेत. ते आपल्या इंजिनाला त्याच्या कुंपणाला टेकवून ठेवतात एवढं खरं, ऑइलची पातळी मग जास्त वेळा बघावी.

कोकणातल्या रस्त्यांवर, ताम्हिणीसारख्या वळणांच्या घाटात, मला दोघींत निवड करणं जड जातं. क्लासिक तिसऱ्या गिअरमध्ये सोडून दिली तर अख्खा घाट चढते. स्पीड प्रत्येक वळणानंतर काहीतरी करायला लावते. हा स्वभावाचा प्रश्न आहे, इंजिनाचा नाही.

कराची रेघ

सीसीचा आकडा जिथे खरोखर निर्णायक आहे, ती जागा म्हणजे कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींना १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्यांना ४०. क्लासिक रेघेच्या एक सीसी आत आहे, ३९८ ची स्पीड बाहेर. एवढ्याने ऑन-रोड किमतीत मोठं अंतर पडतं आणि अनेकांचा निर्णय इथेच होतो. त्यात वाईट काही नाही.

पण कागदावर एक गंमत करून बघा. ८९ चा बोअर तसाच ठेवून स्ट्रोक ६४ वरून ५६.१ केला तर इंजिन ३४९ सीसीचं होतं. सीसी १२ टक्के कमी. पिस्टनचा वेग तोच ठेवला तर ते इंजिन ८००० ऐवजी ९१०० ला फिरू शकतं, आणि क्षेत्रफळ बदललं नसल्यामुळे कमाल ताकद जवळजवळ तेवढीच राहते. टॉर्क मात्र ३७.५ वरून ३३ च्या आसपास उतरतो, आणि गाडी खालच्या फेऱ्यांना आणखी पोकळ वाटायला लागते. याउलट स्ट्रोक ६४ ठेवून बोअर ८३.३ केला तर सीसी तेवढेच कमी होतात, पण फेरे वाढत नाहीत आणि ताकद १२ टक्के जाते. दोन्ही ३४९ सीसीच. म्हणून एखाद्या गाडीचे सीसी कराच्या रेघेखाली आणल्याचं कळलं, की पहिला प्रश्न विचारा: कापलं काय, बोअर की स्ट्रोक?

जुनी गाडी घेत असाल तर

वापरलेली गाडी बघताना बोअर हा माहितीपत्रकातला आकडा राहत नाही, तो झिजतो. रिंगा आणि भिंत झिजली की दाब खाली निसटतो आणि ऑइल वर चढतं. गाडी गरम झाल्यावर थ्रॉटल देऊन वेग घेताना मागे निळसर धूर दिसतो का ते बघा. मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा तपासायला सांगा. आकडा वाढला तर दोष रिंगा किंवा बोअरचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

झिजलेला बोअर काही इंजिनांत घासून मोठा करता येतो आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवतात. क्लासिकचा ७२ चा बोअर अर्ध्या मिलिमीटरने वाढला तर क्षमता ३५४ सीसी होते, जेमतेम पाच सीसी जास्त. त्याने गाडी पळायला लागत नाही, फक्त पूर्वीसारखी होते. काही आधुनिक सिलिंडरच्या आत निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कडक थर असतो. तो घासून रिबोअर होत नाही, सिलिंडर आणि पिस्टनचा जोडच बदलावा लागतो आणि खर्च त्या हिशोबाने येतो. घेण्याआधी आपल्या मॉडेलमध्ये कुठला प्रकार आहे ते सर्व्हिस सेंटरला विचारून ठेवा. 'बोअर किट टाकून चारशे सीसी केली' असं विकणारा अभिमानाने सांगत असेल, तर ती गाडी मी तरी सोडून देईन. आरसीवर जुनेच सीसी, पिस्टन जड, आणि क्रँक व कूलिंग मात्र कंपनीने लहान इंजिनासाठी दिलेलं.

कोणी काय घ्यावं

रोजचा प्रवास शहरातला, महिन्यातून एखादी सहल, वेग ऐंशी-नव्वदचा, आणि गिअर कमीत कमी बदलायचे असतील तर क्लासिक. त्या वापरात तिला कमी ताकदीची म्हणणं म्हणजे जिथे आपण जातच नाही तिथला आकडा वाचणं आहे. त्यातही खालची ओढ अजून हवी असेल तर हायनेस एकदा चालवून बघा. हायवे नेहमीचा असेल, मागे कोणीतरी बसणार असेल, आणि ५००० आरपीएमच्या वर इंजिन ठेवायला मन कचरत नसेल, तर स्पीडसाठी कराचा फरक देण्यात अर्थ आहे.

चाचणी फेरीला शोरूमवाला सहसा सपाट रस्त्यावर एक चक्कर देतो. त्याला एखाद्या उड्डाणपुलाचा चढ असलेला रस्ता मागा. क्लासिक चौथ्या गिअरमध्ये ४० ने चढावर न्या आणि थ्रॉटल सावकाश उघडा. मग स्पीड तशीच न्या, आणि नंतर दोन गिअर खाली घेऊन पुन्हा. मागे बसणारं माणूस बरोबर न्या, कारण ७०-८० किलो वजन वाढल्यावर दोघींतला फरक आणखी ठळक होतो.